पगारपर्चीवर मजूर, खुर्चीवर बाबू

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावर वणी तालुक्यातील राजूर हे गाव लहानसेच दिसते. परंतु कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या यांमुळे त्याचे नाव नोकरीचाकरीच्या जगात बरेच दूरवर पोहोचले आहे. १९७३ साली सरकारने देशातील दगडी कोळशाच्या खाणी आपल्या ताब्यात घेतल्या, १९७५ साली नागपूर येथे ठाणे असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी अस्तित्वात आली, आणि तेव्हापासून या पट्ट्यातील अनेक घरांस खाणीची कायम नोकरी हा मोठाच आधार झाला. त्या आधाराच्या पोटात एक जुने दुखणे दडलेले आहे. ज्या कामासाठी मनुष्यास नेमले त्याहून निराळे, अधिक जबाबदारीचे व वरच्या श्रेणीचे काम त्याच्याकडून वर्षानुवर्षे करून घ्यावयाचे, आणि हुद्दा व वेतन मात्र जेथल्या तेथे ठेवावयाचे, असे हे दुखणे आहे. ते खाणीपुरतेच आहे असे आम्ही म्हणत नाही. शाळा, बँका, पतपेढ्या आणि सरकारी कचेऱ्या यांतही ते आढळते. परंतु खाणीत प्रत्येक कामाचे नाव, वर्णन व श्रेणी कागदावर नेमून दिलेली असल्याने रोग आणि उपाय हे दोन्ही तेथे जितके स्पष्ट दिसतात तितके इतरत्र दिसत नाहीत; म्हणून आम्ही राजुराकडचेच उदाहरण घेतले आहे.

हे दुखणे उद्भवते कसे ते प्रथम पाहू. खाणकामगारांचे वेतन राष्ट्रीय कोळसा वेतन करारान्वये ठरते. त्यातील पहिला करार १९७५ सालचा. त्यात रोजंदारीच्या कामगारांच्या पहिलीपासून सहावीपर्यंत श्रेणी आहेत, कारकुनांच्या निराळ्या पायऱ्या आहेत, आणि सर्वांत खालच्या पहिल्या श्रेणीत 'जनरल मजदूर' हे पद आहे. आता, कामावर असता कामगाराचा मृत्यू झाला तर त्याच्या वारसास, अथवा खाणीसाठी जमीन गेली तर त्या शेतकऱ्याच्या घरातील एकास नोकरी देण्याची जी पद्धत आहे, तिच्याद्वारे आत येणाऱ्यांपैकी बहुतेकांस प्रथम हेच पद मिळते. मुलगा पदवीधर असो की मॅट्रिक, दार एकच. उलट बाजूने टाइम ऑफिसातील जुने कारकून एकामागून एक निवृत्त होतात, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, आणि खाणीस मिळणारी माणसांची मंजुरी वरून ठरून येते. अशा वेळी व्यवस्थापकाच्या नजरेस एक शिकलासवरला, सुवाच्य अक्षराचा तरुण मजूर पडतो. पुढचे सांगावयास नको!

या स्थित्यंतराचा क्रम ठराविक आहे. आम्ही येथे एक कल्पित गृहस्थ घेऊ. पण जे त्याच्या बाबतीत घडते ते या पट्ट्यात ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. हा गृहस्थ वडिलांच्या जागी जनरल मजदूर म्हणून लागला. काही महिन्यांनी त्यास लॅम्परूममध्ये, म्हणजे भुयारात उतरणाऱ्यांस टोपीचे दिवे देण्याच्या खोलीत, मदतीस बसविले. दिवे देता देता तो दिव्यांच्या नोंदवहीत नोंदी करू लागला. मग एके दिवशी हाजरीबाबू रजेवर गेले म्हणून चार दिवस हजेरी मांडली. त्यांच्या निवृत्तीनंतर त्या चार दिवसांचे चार महिने झाले. पुढे जादा कामाच्या वेळेचा तक्ता, रविवारच्या पाळीची यादी, रजेचे हिशेब अशी कामे त्याच्याकडे आली. यांपैकी कोणतेही काम त्याच्या अंगावर एकदम पडले नाही; आणि नेमके म्हणूनच 'नाही' म्हणावयाचा क्षणही कधी आला नाही. लोक आता त्यास 'बाबू' म्हणतात. त्याच्या आईस शेजारणी 'बाबूची आई' म्हणून हाक मारतात, आणि घरात सर्वांनाच त्याचे बरे वाटते. महिन्याच्या महिन्यास हाती येणारी पगारपर्ची मात्र जुनेच पद सांगते: जनरल मजदूर, श्रेणी पहिली.

येथे एक फरक ध्यानी घ्यावयास हवा, कारण त्यावाचून पुढचे सारे निष्फळ होते. वाढलेले प्रत्येक काम म्हणजे वरच्या श्रेणीचे काम नव्हे. आपल्याच श्रेणीचे काम अधिक पडत असेल, म्हणजे पन्नास दिव्यांच्या जागी शंभर दिवे द्यावे लागत असतील, तर तो कामाच्या तासांचा प्रश्न आहे. त्यावर जादा वेळेचे वेतन मागता येईल, हुद्दा मागता येणार नाही. दिव्यांची नोंद ठेवणे हे मजुराच्या कामाला चिकटलेले लहानसे काम आहे असे व्यवस्थापन म्हणेल, आणि ते अगदीच खोटे ठरणार नाही. हजेरी मांडणे व त्यावरून वेतनाचा तक्ता तयार करणे हे मात्र कारकुनाचे काम आहे. कोळसा उद्योगात कामांची नावे, त्यांची वर्णने व श्रेणी मांडलेली कागदपत्रे आहेत. युनियनच्या कचेरीत ती पाहावयास मिळतात. आपण दिवसभरात काय करतो याची यादी एका बाजूस आणि हे वर्णन दुसऱ्या बाजूस ठेवून पाहिले म्हणजे आपल्या तक्रारीतील किती भाग मागणी होण्याजोगा आहे आणि किती नुसता वैताग आहे, हे तासाभरात कळून येते. आमच्या गृहस्थाच्या बाबतीत मागणीची खरी तारीख लॅम्परूममध्ये बसल्याची नसून हजेरी हाती आल्याची आहे.

खाणीतच दुसऱ्या एका प्रकारच्या पदांत हा घोटाळा सहसा का होत नाही, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. सरदार आणि ओव्हरमन ही भुयारातील पदे सुरक्षिततेची आहेत. त्यांस खाणसुरक्षेच्या नियमांखाली परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि व्यवस्थापकाने त्यांस लेखी नेमावे लागते. उद्या छत कोसळले तर चौकशीत पहिला प्रश्न त्या लेखी नेमणुकीचाच निघतो. त्यामुळे तेथे कोणी कोणास तोंडी 'जरा बघ' म्हणण्याच्या भानगडीत पडत नाही. टाइम ऑफिसात चूक झाली तर कोणी मरत नाही. म्हणून तेथे तोंडी हुकमाने सारे चालते. यावरून दुखण्याचे मूळ कोठे आहे ते दिसून येईल. लेखी आदेश नसणे हाच या साऱ्या व्यवहाराचा पाया आहे, आणि उपायही तेथूनच सुरू होतो.

परंतु लेखी आदेश मिळविण्यासाठी काम नाकारावयाचे नाही. हा सल्ला पुष्कळांस भित्रेपणाचा वाटेल. तथापि कायदेशीर व वाजवी आज्ञा न पाळणे हा खाणीच्या स्थायी आदेशांप्रमाणे गैरवर्तणुकीचा प्रकार आहे, आणि वेतनाच्या वादात जो उजवा होता तो आज्ञाभंगाच्या चौकशीत डावा ठरतो. काम चालू ठेवावयाचे आणि ते चालू आहे असे वरिष्ठांस लिहून कळवावयाचे, हाच मार्ग. पत्र लहान असावे. त्यात गाऱ्हाणे नको, पूर्वीच्या उपकारांची आठवण नको, दुसऱ्या कोणास काय मिळाले त्याची तुलना तर मुळीच नको. साधारण असे पत्र पुरे होते:

'आपल्या तोंडी आदेशानुसार मी अमुक तारखेपासून टाइम ऑफिसात हजेरी मांडणे, जादा वेळेचा तक्ता व रजेचा हिशेब ठेवणे ही कामे करीत आहे. माझे पद जनरल मजदूर, श्रेणी पहिली, असे आहे. वरील कामे कारकुनी श्रेणीची आहेत. ती मी चालू ठेवीत आहे. तरी या कामाचा लेखी आदेश व त्या तारखेपासून वेतनातील फरक मिळावा, ही विनंती.'

पत्राच्या दोन प्रती करावयाच्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावयाचा. शिक्का देण्याचे टाळले तर तेच पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवावे. या पत्रात बढती मागितलेली नाही याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. सर्वांत अधिक माणसे येथेच फसतात. कारकुनाचे काम केले एवढ्यावरून कारकुनाचे पद मिळत नाही. त्यास शिक्षणाची अट असते, ज्येष्ठता असते, निवड-चाचणी असते, आणि इतर मजुरांचाही त्या जागेवर तितकाच हक्क असतो. ज्याने पत्रात 'मला कारकून करा' एवढेच लिहिले त्यास 'नियमांत बसत नाही' असे एका ओळीचे उत्तर देता येते, आणि तेथे प्रकरण मिटते. ज्याने केलेल्या कामाच्या दिवसांचा फरक मागितला त्यास असे उत्तर देता येत नाही.

बढती आणि फरक यांतील हा भेद न्यायालयांनीही मानला आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात असे म्हटले की, खालच्या पदावरील माणसास वरच्या पदाचे काम पाहावयास सांगणे म्हणजे त्यास बढती देणे नव्हे. हे वाचून पुष्कळ जण निराश होतात. परंतु १९९८ सालचा पोर्ट ब्लेअरचा निकालही वाचावयास हवा. तेथे एका प्राथमिक शिक्षकास स्काउट विभागाच्या सचिवाचे काम पाहावयास सांगितले होते. ते त्याने पाहिले. वरच्या पदाचे वेतन मात्र मिळाले नाही. न्यायालयाने त्यास बढती झाली असे मानले नाही. पण जेवढा काळ त्याने ते काम प्रत्यक्ष केले तेवढ्या काळाचा फरक, केल्या कामाचा मोबदला म्हणून, देवविला. आता तिसरा निकाल, २०१४ सालचा, चेन्नईच्या एका परिवहन महामंडळाविषयीचा. तेथे वरचे काम पाहण्याच्या आदेशातच, याबद्दल अधिक वेतन मिळणार नाही, असे स्वच्छ लिहिलेले होते आणि कर्मचाऱ्याने ते पत्करून काम केले होते. त्यास फरक मिळाला नाही. असे कलम असले म्हणजे दावा सर्वथा बुडालाच असे नाही. २०१७ साली पंजाबातील एका प्रकरणात न्यायालयाने वरच्या पदाचे वेतन मान्य केले. तथापि वाट अवघड होते खरी. म्हणून लेखी आदेश हाती पडला की आनंदाने पेढे वाटण्यापूर्वी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, आणि 'जादा वेतन देय नाही' असे त्यात आढळल्यास कामावर रुजू होतानाच, 'वेतनाविषयीचा माझा हक्क राखून' रुजू होत आहे असे लिहून द्यावे.

दुसरा एक कागद याहून घातक आहे आणि तो पुष्कळदा आपणच लिहून देतो. भुयारातील काम कष्टाचे. तेव्हा पाठीचे दुखणे, दमा, अशा काही कारणाने 'मला वर हलके काम द्यावे' असा अर्ज कोणी तरी सुचवितो, आणि तो मंजूर होऊन माणूस टेबलाशी येतो. सहा वर्षांनी फरकाची मागणी केली की तोच अर्ज पुढे येतो: यांच्याच विनंतीवरून, सवलत म्हणून यांस येथे बसविले होते! अर्ज खरोखरीच प्रकृतीच्या कारणाने करणे भाग असेल तर तो वैद्यकीय दाखल्यासह करावा, आणि हलके काम कोणत्या श्रेणीतले ते त्यात नमूद करावे.

आता पुराव्याविषयी. सहकाऱ्यांच्या तोंडी साक्षी, अथवा मायाळू स्वभावाच्या एखाद्या अधिकाऱ्याने निवृत्तीच्या आदल्या दिवशी दिलेला 'हा मनुष्य येथे कारकुनाचे काम करीत होता' असा दाखला, यांवर लोकांची मोठी भिस्त असते. तो देण्याचा त्यांस अधिकारच नव्हता, एवढे म्हटले की तो दाखला लंगडा पडतो. खरा पुरावा त्या कामातच तयार होत असतो. हजेरीपटावर रोज कोणाची सही आहे? तक्ता कोणाच्या हातचा आहे? पुष्कळ ठिकाणी जुन्या बाबूच्या नावापुढे नुसती बारीक आद्याक्षरे करावयाची सवय असते. ती सोडून आपले नाव, पद आणि तारीख यांसह पूर्ण सही करावी. त्यास कोणी हरकत घेतली तर तेही चांगलेच, कारण हरकत घेणाऱ्यास मग लेखी काही तरी सांगावे लागते. घरी एक वही ठेवून त्यात रोज केलेल्या कामाची एक ओळ लिहावी. मात्र कचेरीतील मूळ कागद घरी आणू नयेत, तो निराळाच गुन्हा होतो. त्या कागदांच्या प्रती मागण्यास माहितीचा अधिकार आहे. कोळसा कंपनी सरकारी मालकीची असल्याने २००५ सालचा तो कायदा तिला लागू पडतो. दहा रुपये फी भरून अर्ज करावा. अमुक महिन्यातील हजेरीपटाच्या आपल्या सहीच्या पानांची प्रमाणित प्रत मिळावी, इतकी नेमकी मागणी करावी. तीस दिवसांत उत्तर यावयास हवे, न आल्यास पहिले अपील आहे. 'माझ्या कामाची सर्व माहिती द्या' असा ढोबळ अर्ज केला तर ढोबळच उत्तर येते.

पैशाचा हिशेब आम्ही मुद्दाम मांडून दाखवितो, कारण घरातील वडीलधारी मंडळी बहुधा 'चाळीस रुपयांसाठी साहेबाशी वाकडे कशाला घेतोस?' असे म्हणतात. समजुतीसाठी दोन श्रेणींतील फरक दररोज ४० रुपये मानू. प्रत्यक्ष आकडा चालू करारातून काढावा. महिन्याचे २६ दिवस धरता १,०४० रुपये, आणि दोन वर्षांचे २४,९६० रुपये झाले. ही रक्कम डोळ्यांपुढे दिसते. न दिसणारी पुढे आहे. ग्रॅच्युइटी ही शेवटच्या वेतनावर, नोकरीच्या प्रत्येक वर्षास पंधरा दिवसांप्रमाणे मोजतात. मनुष्य पुढे रीतीने वरच्या श्रेणीत गेला असता आणि एकंदर तीस वर्षे नोकरी झाली असती तर याच ४० रुपयांपोटी तेथे १८,००० रुपये अधिक मिळते. कोळसा खाणींचे निवृत्तिवेतनही अखेरच्या महिन्यांच्या वेतनाच्या सरासरीवर बांधलेले असल्याने, खालच्या श्रेणीतच निवृत्त झालेल्या माणसाच्या पाठीमागे त्याच्या पत्नीसही तो फरक जन्मभर कमीच येतो. अर्थात हा दुसरा भाग नुसत्या फरकाच्या पत्राने साधत नाही. त्यासाठी निवड-चाचणीची सूचना निघताच अर्ज करणे व ती देणे हा मार्ग वेगळाच चालू ठेवावा लागतो. बाबूपणाच्या सुखात रमलेले कित्येक जण नोटीस-फलकाकडे पाहतच नाहीत, आणि त्यांच्याहून कनिष्ठ मुलगे परीक्षा देऊन खरेखुरे कारकून होतात.

पत्रास उत्तर न आल्यास काय करावे? खाणीचे व्यवस्थापक, मग सब-एरिया, मग एरियाची कार्मिक कचेरी, अशा पायऱ्या चढाव्या. परंतु त्या चढण्यात किती काळ जातो याकडे डोळा ठेवावा. पूर्वी असे वाद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली चालत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. वाद उत्पन्न झाल्यापासून दोन वर्षे लोटली तर समेट अधिकाऱ्यापुढे तो चालू शकत नाही, असे ही संहिता सांगते. 'थांब, साहेब खूष आहेत, योग्य वेळी करतील' हा घरचा सल्ला प्रेमाचा असला तरी या दोन वर्षांचा हिशेब त्यात नसतो. आणखी एक अडचण अशी की, कामावरून काढून टाकल्याचा वाद एकटा कामगार नेऊ शकतो; श्रेणीचा व वेतनाचा वाद मात्र युनियनने, अथवा पुरेशा सहकाऱ्यांनी, आपला म्हणून उचलावा लागतो. शिकलेल्या घरांतील मुलांस युनियनच्या कचेरीची पायरी चढणे कमीपणाचे वाटते असा आमचा अनुभव आहे. तो संकोच येथे परवडणारा नाही. युनियनने वाद उचलला, समेट अधिकाऱ्यापुढे तडजोड झाली नाही, तर त्याच्या अहवालानंतर नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सरकारने प्रकरण पाठविण्याची वाट पूर्वीसारखी पाहावी लागत नाही. एकट्याने जाण्याची एक वाट आहे ती केवळ ठरलेल्या रकमेच्या वसुलीची. हक्क आधीच मान्य असेल, म्हणजे लेखी आदेश आहे आणि फरक तेवढा थकला आहे, तरच ती उपयोगी पडते. हक्कच वादात असेल तर तेथून हात हलवीत परत यावे लागते. लेखी आदेशाचे मोल पुन्हा येथे कळते.

राहता राहिली एक गोष्ट, जी पत्र देण्यापूर्वी घरात बसून बोलावयास हवी. असे पत्र गेल्यावर फरक मिळण्याऐवजी पुष्कळदा दुसराच हुकूम येतो: उद्यापासून आपल्या मूळ कामावर जावे. मजुरास मजुरीच्या कामावर पाठविणे व्यवस्थापनाच्या अधिकारातले आहे, आणि त्याविरुद्ध सहसा काही चालत नाही. खुर्ची जाते, पंखा जातो, बाबू ही हाकही काही दिवसांत बंद पडते. पुन्हा टोपीवर दिवा लावून भुयारात उतरावे लागते. प्रकृतीस ते झेपेल काय, पत्नीस व आईस ते सोसेल काय, याचा विचार ज्याचा त्यानेच करावयाचा. परंतु परत पाठविल्याने मागच्या दिवसांचा हिशेब पुसला जात नाही. उलट, 'टाइम ऑफिसातून मूळ कामावर परत' असे शब्द त्या हुकमात आले, तर तो मनुष्य इतका काळ टाइम ऑफिसात होता, ही गोष्ट व्यवस्थापनाने प्रथमच आपल्या सहीनिशी लिहून दिलेली असते. त्या हुकमाची प्रत जपून ठेवावी.